टँकर घटले, पण कशामुळे?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मी सुरुवातीच्या आठवड्यातच एक कागद वाटतो. त्यावर एका तालुक्यातल्या ६० गावांचे आकडे असतात. तालुका खरा नाही, आकडे मी स्वतः बसून तयार केलेले आहेत आणि ते मी वर्गाला आधीच सांगतो. वर्गातली बरीच मुलं बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची असतात. टँकरची खेप म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

कागदावरची गोष्ट साधी आहे. पहिलं वर्ष कमी पावसाचं होतं. त्या पावसाळ्यानंतरच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात प्रत्येक गावात टँकरच्या किती खेपा झाल्या ते मोजलं. ज्यांना सगळ्यात जास्त खेपा लागल्या अशी २० गावं जलसंधारणाच्या एका योजनेसाठी निवडली. पावसाळ्याच्या आधी तिथं नाल्यांचं खोलीकरण झालं, बंधाऱ्यांतला गाळ काढला, काही शेततळी झाली. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यांत खेपा पुन्हा मोजल्या. पहिल्या वर्षी या २० गावांची सरासरी १२० खेपांची होती, दुसऱ्या वर्षी ती ४५ वर आली.

मी एवढंच सांगतो आणि म्हणतो, दहा मिनिटांत मथळा लिहा.

मथळे छान येतात. ‘जलसंधारणाची किमया, टँकर साडेबासष्ट टक्क्यांनी घटले’. ‘योजनेमुळे २० गावे टँकरमुक्तीच्या वाटेवर’. एकीनं तर गणित करून लिहिलं होतं, ‘योजनेने वाचवल्या दीड हजार खेपा’. वीस गावं, प्रत्येकी ७५ खेपा कमी, म्हणजे १,५००. हिशोब बरोबर होता.

हाच मथळा थोड्याफार फरकानं मीही लिहिलेला आहे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात पाऊस रुसला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यानंतर २०१६ चा पावसाळा चांगला झाला. पुढच्या उन्हाळ्यात मी एका गावात गेलो. खोल केलेल्या नाल्यात पाणी होतं, विहिरी भरल्या होत्या, सरपंच आनंदानं सगळं दाखवत होते. ‘कामांमुळे गाव पाणीदार’ अशी बातमी मी दिली. २०१८ मध्ये पाऊस पुन्हा कमी झाला, तेव्हा त्याच गावात टँकर परत सुरू झाला. माझी बातमी खोटी नव्हती, पाणी मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ते पाणी कशामुळे आलं हे मी तपासलेलंच नव्हतं. शेजारच्या, काम न झालेल्या गावात मी डोकावलोही नव्हतो. तेव्हापासून हा कागद वाटायला लागलो.

दोन गोष्टी एकत्र वाढतात किंवा घटतात, एक असते तिथं दुसरीही बहुधा सापडते, तेव्हा त्यांच्यात सहसंबंध आहे असं म्हणतात. एक गोष्ट बदलल्यामुळे दुसरी बदलते, तेव्हा तो कार्यकारणसंबंध. पहिली गोष्ट तक्त्यात दिसते. दुसरी तक्त्यात कधीच दिसत नाही, ती शोधावी लागते. शोधताना विचारायचा प्रश्न असा: हे काम झालंच नसतं, तर या गावांत दुसऱ्या वर्षी किती खेपा लागल्या असत्या? १२० लागल्या असत्या, असं आपण मनात धरतो आणि तिथंच फसतो. १२० हा आकडा मागच्या वर्षाचा आहे. काम न होता या वर्षी काय झालं असतं, याचा तो आकडा नाही.

मराठीत यासाठी म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. मुलं ती लगेच सांगतात. म्हण चांगली आहे, पण ती निव्वळ योगायोगाबद्दल बोलते. बातमीदाराची फसगत योगायोगानं त्या मानानं कमी होते. जास्त वेळा असं होतं की संबंध खराच असतो, पुन्हा मोजला तरी सापडतो, फक्त त्याच्या मागचं कारण तिसरंच असतं. वाऱ्यानं फांदीही मोडकळीला आणलेली असते आणि कावळ्यालाही उडवून त्याच फांदीवर आणलेलं असतं. अशा वेळी वारा शोधावा लागतो.

आमच्या कागदावरचा वारा म्हणजे पाऊस. मथळे लिहून झाले की मी दुसरा कागद देतो. तालुक्यात पहिल्या वर्षी ४१० मिलिमीटर पाऊस झाला होता, दुसऱ्या वर्षी ७९०. आणि योजनेत नसलेल्या उरलेल्या ४० गावांत खेपांची सरासरी ४० वरून १६ वर आली होती. म्हणजे साठ टक्क्यांची घट. तिथं ना नाला खोल झाला होता, ना गाळ निघाला होता.

हे आकडे मी तयार केले असले तरी त्यामागचं कारण आपल्या जमिनीत आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. या खडकात पाणी मावतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. खालचा अभंग कातळ फार पाणी धरत नाही. त्यामुळे आपल्या विहिरींमागचा साठा उथळ असतो. चांगल्या पावसात तो लवकर भरतो आणि पाऊस हुकला की तितक्याच लवकर रिकामा होतो. एका वर्षाच्या पावसाची सही पुढच्या उन्हाळ्यातल्या टँकरवर उमटलेली असते. म्हणून इथं कोरड्या वर्षाची ओल्या वर्षाशी तुलना केली, की मधल्या काळात झालेलं कोणतंही काम यशस्वी दिसतं. त्या वर्षी गावात नवा रस्ता झाला असता, तरी रस्त्यानंतर टँकर घटले असते.

इथं एक-दोन हात वर येतात. एका मुलानं मागं विचारलं, “सर, टक्के सारखे असतील, पण योजनेच्या गावात ७५ खेपा कमी झाल्या, दुसऱ्या गावात २४ च. मग फरक पडलाच की!”

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर पावसात नाही. ते निवडीत आहे. ही २० गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्या वर्षी ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती तीच निवडली होती. सगळ्यात वाईट निवडलं, की पुढच्या वेळी ते आपोआप थोडं बरं दिसतं, कुणी काही केलं नाही तरी. हे पटवायला मी फासा आणतो, सापशिडीचा साधा.

वर्गात ६० जण असतील तर प्रत्येकानं एकदा फासा टाकायचा आणि आलेला आकडा वहीत लिहायचा. ज्यांना १ किंवा २ पडलं ते साधारण वीसेक जण निघतात. ते आमचे टंचाईग्रस्त. त्यांची सरासरी दीडच्या आसपास असते. त्या सगळ्यांना मी एकेक खडू देतो, ही आमची योजना. मग त्याच वीस जणांनी फासा पुन्हा टाकायचा. सरासरी साडेतीनच्या जवळपास येते, म्हणजे दुपटीहून जास्त. खडूनं काही केलेलं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आकडा डोळ्यांसमोर वाढलेला असतो. पहिल्या वेळी ते तळाला होते ते फाशाच्या लहरीमुळे, आणि लहर दुसऱ्यांदा तशीच पडेल असं काही नसतं.

गाव म्हणजे फासा नाही, हे खरं. काही गावं कायमच टंचाईची असतात. खडक वाईट, उंचावर वस्ती, जवळ तलाव नाही. पण कोणत्याही एका वर्षाच्या आकड्यात असा कायमचा भाग असतो आणि त्या वर्षापुरताही एक भाग असतो. नेमक्या त्या वर्षी शेजारच्या मंडळात पाऊस पडला आणि इथं हुलकावणी देऊन गेला. पाणीपुरवठ्याची मोटार जळाली आणि दोन महिने दुरुस्त झाली नाही. ज्या शेतकऱ्याची विहीर दरवर्षी अधिग्रहित व्हायची त्यानं त्या साली नकार दिला. यादीत वर येणाऱ्या गावांमध्ये अशी, त्या वर्षापुरतं नशीब फिरलेली गावं जास्त गोळा होतात. पुढच्या वर्षी मोटार चालू झालेली असते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकानं १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीची मोजमापं मांडून हेच दाखवलं होतं. फार उंच आई-बापांची मुलं उंच असतात, पण सरासरी काढली तर आई-बापांपेक्षा थोडी कमी. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. ‘सर्वाधिक अपघातांच्या चौकात सिग्नल बसवला, अपघात घटले’ किंवा ‘सर्वात कमी निकालाच्या शाळांना नोटिसा दिल्या, निकाल सुधारला’ असं वाचलं, की मला तो खडू आठवतो. सिग्नलनं अपघात घटलेही असतील. पण चौक निवडला होता तो सगळ्यात वाईट वर्षाच्या आकड्यावरून.

तर मग योजनेनं काही केलं की नाही, हे बातमीदारानं शोधायचं कसं? प्रयोग करायला त्याच्याकडे तालुका नसतो. पण या कागदात एक जागा अशी आहे, जिथं जवळजवळ प्रयोगच झालेला आहे. निवड खेपांच्या क्रमानं झाली आणि रेघ विसाव्या गावाखाली ओढली. विसावं गाव योजनेत आलं, एकविसावं राहिलं. पहिल्या आणि साठाव्या गावात जमीन-अस्मानाचं अंतर असेल, पण विसाव्यात आणि एकविसाव्यात कितीसं असणार? म्हणून यादीच्या काठावरची गावं घ्यायची, रेघेच्या वरची पाच आणि खालची पाच. मी तिसरा कागद देतो तो हा.

| क्रम | योजनेत? | पहिलं वर्ष | दुसरं वर्ष | किती घट |
|---|---|---|---|---|
| १६ | हो | ९० | ४१ | ४९ |
| १७ | हो | ८७ | ३० | ५७ |
| १८ | हो | ८४ | ४४ | ४० |
| १९ | हो | ८१ | २७ | ५४ |
| २० | हो | ७८ | ३३ | ४५ |
| २१ | नाही | ७७ | ३८ | ३९ |
| २२ | नाही | ७६ | २४ | ५२ |
| २३ | नाही | ७४ | ४० | ३४ |
| २४ | नाही | ७२ | २९ | ४३ |
| २५ | नाही | ७१ | ३४ | ३७ |

योजनेतल्या पाच गावांत सरासरी ४९ खेपा कमी झाल्या, योजनेबाहेरच्या पाचांत ४१. दोन्हीकडे पाऊस सारखाच वाढला आणि दोन्हीकडची गावं यादीत जवळपास सारखीच वर होती. म्हणजे पाऊस आणि निवड बाजूला काढल्यावर योजनेच्या वाट्याला उरतात त्या दर गावामागं ७५ नाही, फार तर ८ खेपा.

त्या आठांवरही लगेच मथळा करायचा नाही. योजना नसलेल्या पाच गावांकडेच बघा. एकात ३४ नी घट झाली, दुसऱ्यात ५२ नी. काही न करताही गावागावांत १८ खेपांचा फरक पडतो आहे. तिथं पाच-पाच गावांच्या सरासरीतला ८ चा फरक योजनेचा असू शकतो किंवा असाच पडलेला असू शकतो. दहा गावांत ते कळणार नाही. दहा तालुक्यांतल्या अशा काठावरच्या शंभर गावांत तोच फरक टिकला, तर बोलता येईल.

इथं मुलं दुसऱ्या टोकाला जातात. ‘योजना फसली’ असा मथळा घेऊन येतात. तोही तितकाच चुकीचा, आणि मला वाटतं जास्त वाईट, कारण कुणाच्या तरी घामावर तो बोळा फिरवतो. या आकड्यांतून योजना निरुपयोगी ठरत नाही. ७९० मिलिमीटर पावसात सगळ्याच गावांना पाणी होतं, तेव्हा बंधाऱ्याचा उपयोग दिसायला जागाच कमी होती. जलसंधारणाची खरी परीक्षा पुढच्या कमी पावसाच्या वर्षी होते. तेव्हा विसाव्या गावातली विहीर एकविसाव्या गावातल्या विहिरीपेक्षा महिनाभर जास्त टिकली, तर ती मोठी गोष्ट आहे. शिवाय टँकरची खेप हे काही पाण्याचं माप नाही. गावानं मागणी केली, तहसीलमधून पाहणी झाली, मंजुरी मिळाली, तेव्हा टँकर येतो. मंजुरीचे निकष कडक झाले तरी खेपा घटतात आणि बायका मात्र तितक्याच लांबून हंडे आणत असतात. पाणी मोजायचं तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. त्यांची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत घेतली जाते. पावसासाठी तालुक्याची सरासरी पुरत नाही, महसूल मंडळाचा आकडा घ्यावा लागतो. एका मंडळात अतिवृष्टी आणि दहा किलोमीटरवर कोरडं, हे आपण दर पावसाळ्यात बघतो.

कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या बाणाची दिशा उलटी असण्याचाही एक प्रकार आहे, तो मी थोडक्यात उरकतो. गावागावातले बोअर मोजले आणि पाण्याची पातळी मोजली, तर जिथं बोअर जास्त तिथं पाणी खोल असं दिसेल. ‘बोअरनं पाणी पळवलं’ हा मथळा तयार आहे. पण पाणी खोल गेलं म्हणूनही लोक नवा बोअर घेतात. इथं दोन्ही बाण खरे आहेत आणि एकमेकांना ढकलतात. पाणी खोल गेलं की बोअर वाढतात, बोअर वाढले की पाणी आणखी खोल जातं. एका वर्षाच्या तक्त्यावरून आधी काय झालं ते सुटत नाही. गावात बसून कोणता बोअर कोणत्या साली घेतला हे विचारलं, तरच क्रम लागतो.

दुसरा मोठा कागद मी सर्पदंशाचा देतो, कारण इथली चूक माणसाच्या जिवावर येते. हेही आकडे माझेच आहेत. एका ग्रामीण रुग्णालयात वर्षात सर्पदंशाचे २०० रुग्ण आले, त्यातले ६ दगावले, म्हणजे ३ टक्के. त्याच भागातल्या जिल्हा रुग्णालयात ३०० आले, २५ दगावले, म्हणजे ८ टक्क्यांहून थोडे जास्त. मोठं रुग्णालय, जास्त डॉक्टर आणि मृत्यूचं प्रमाण पावणेतीन पट! ‘जिल्हा रुग्णालय की मृत्यूचा सापळा?’ असा मथळा एकदा खरोखर आला. प्रश्नचिन्ह टाकलं की आपण काही म्हटलंच नाही, असं त्या मुलाला वाटत होतं.

वर्गात शेतावरून आलेली मुलं असतात, त्यांना वारा लवकर सापडतो. अंबडकडच्या एका मुलीनं पटकन सांगितलं, “सर, ज्याला जास्त झालं त्यालाच तर पुढं पाठवतेत.” हेच. मण्यार चावली तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, कृत्रिम श्वास द्यावा लागू शकतो. घोणस चावली तर रक्त गोठत नाही, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष आपल्याकडे वापरतात आणि ते ग्रामीण रुग्णालयातही सुरू करता येतं. पण व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागेल असं दिसलं की १०८ ची गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी निघते. म्हणजे रुग्ण कुठं पोचतो हे त्याच्या गंभीरपणावर ठरतं, आणि तो वाचेल की नाही हेही बरंचसं त्याच गंभीरपणावर.

म्हणून तेच आकडे गंभीरपणानुसार वेगळे करायचे. ग्रामीण रुग्णालयातल्या २०० पैकी १८० साधे होते, त्यातले २ गेले. २० गंभीर होते, त्यातले ४ गेले, म्हणजे २० टक्के. जिल्हा रुग्णालयातल्या ३०० पैकी १०० साधे होते, त्यातला १ गेला. २०० गंभीर होते, त्यातले २४ गेले, म्हणजे १२ टक्के. आता बघा. साध्या रुग्णांत दोन्हीकडे शंभरात एकाच्या आसपास, जिल्हा रुग्णालयात किंचित कमीच. आणि गंभीर रुग्णांत जिल्हा रुग्णालयाचा आकडा बराच बरा. दोन्ही गटांत जिल्हा रुग्णालय सरस असून एकत्र बेरीज केली की तेच वाईट दिसतं. बेरजेत काही लबाडी नाही. तिकडे गंभीर रुग्ण जास्त गेले, एवढंच.

हे गणित वर्गातल्या प्रत्येकानं स्वतः वहीत करावं, असा माझा हट्ट असतो. ऐकून ते पटत नाही, हातानं केल्यावर पटतं.

मात्र इथं दोन गोष्टींना जपायचं. गंभीरपणा कधी नोंदला हे बघायचं. रुग्ण पहिल्यांदा दारात आला तेव्हाची नोंद हवी. ‘व्हेंटिलेटरवर गेलेले’ आणि ‘न गेलेले’ असे गट केले तर ते उपचारानंतरचे गट होतात. ज्या रुग्णालयाच्या हलगर्जीमुळे रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले, त्याची चूक त्या वाटणीत झाकली जाते. आणि वाटेत दगावलेले कुठं मोजले? ते ग्रामीण रुग्णालयाच्या वहीत ‘पुढे पाठवले’ असे असतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या वहीत कधी पोचलेलेच नसतात. खऱ्या आकड्यांवर काम करताना मी दोन्ही वह्यांतली नावं एकमेकांशी जुळवायला सांगतो. कंटाळवाणं काम आहे, पण बरेचदा खरी बातमी त्या मधल्या रस्त्यावरच सापडते. गाडी किती वेळात आली, निघण्याआधी प्रतिविष दिलं होतं का, हे प्रश्न तिथूनच निघतात.

आणि मथळा चुकला तर काय होतं, हे मुलांना सांगायला लागत नाही. घरात कुणाला साप चावला आणि आदल्या आठवड्यात ‘मृत्यूचा सापळा’ वाचलेलं असलं, तर माणसं गाडी उलटी वळवतात. कधी ती मांत्रिकाच्या दारात जाऊन थांबते.

आता भाषेचं. या विषयाची पुस्तकं आकड्यांबद्दल भरपूर सांगतात, पण मराठी बातमीत कार्यकारण शिरतं ते शब्दांच्या फटीतून. ‘मुळे’ हा तर उघड दावा आहे. ‘मुळे’ लिहिलं, की काम झालं नसतं तर काय झालं असतं हे आपल्याला माहीत आहे, असं आपण छातीवर हात ठेवून सांगत असतो. ‘नंतर’ जास्त फसवा. ‘योजनेनंतर टँकर घटले’ हे काळाच्या क्रमानं अगदी खरं आहे, पण वाचणारा त्यात ‘मुळे’ ऐकतो आणि लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. ‘किमया’, ‘फलित’, ‘दणका’, ‘इफेक्ट’ हे मथळ्यातले लाडके शब्द सगळे ‘मुळे’चेच भाऊबंद. मी सगळ्यात जास्त लक्ष ठेवायला सांगतो ते क्रियापदावर. मराठीत खेपा घटतात आणि कुणीतरी खेपा घटवतं. मृत्यू वाढतात आणि कुणीतरी मृत्यू वाढवतं. मध्ये एक ‘व’ येतो आणि त्या एका अक्षरासरशी वाक्यात कर्ता उभा राहतो. ‘योजनेने वाचवल्या दीड हजार खेपा’ या मथळ्यात तो ‘व’ येऊन बसला होता, आणि त्याला आधार देणारा एकही आकडा त्या मुलीच्या कागदावर नव्हता.

मग लिहायचं काय? तिनंच आठवड्यानंतर बातमी पुन्हा लिहून आणली. तिचा मथळा होता, ‘पावसाने तालुक्याला तारले, योजनेचा वाटा अजून अस्पष्ट’. खाली पहिलाच परिच्छेद असा: ‘यंदा तालुक्यातील टँकरच्या खेपा निम्म्याहून अधिक घटल्या. ही घट जलसंधारण योजनेतील २० गावांत झाली, तशीच योजनेबाहेरील ४० गावांतही झाली. पाऊस गेल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट होता. निवडीच्या यादीत अगदी शेजारी असलेल्या दहा गावांची तुलना केली असता, योजनेतील गावांत दर गावामागे सरासरी ८ खेपा जास्त कमी झाल्याचे दिसते. मात्र गावे थोडी असल्याने हा फरक योजनेचाच आहे, असे सांगता येत नाही.’ मी एकच बदल सुचवला. ‘पावसाने तारले’ यातही कर्ता आलाय, तेवढा दावा तुला झेपतो का ते बघ. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ६० च्या ६० गावांत घट झाली आहे, योजना असो वा नसो, आणि खडकाचं कारण आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हा दावा मी करते. मी तो तसाच ठेवला.

नंतर तिनं विचारलं, खऱ्या तालुक्यात ही यादी मिळेल का? मिळते. पंचायत समितीत किंवा तहसीलच्या टंचाई शाखेत मागायची, देत नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करायचा. निवडलेल्या गावांची यादी नेहमी मिळते. मागायची असते ती निवडीआधीची पूर्ण यादी, क्रमासकट, रेघेखालच्या गावांसह. तिनं आपल्या तालुक्याची तशी यादी मिळवली आहे आणि काठावरची दहा गावं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवली आहेत. पुढं ज्या वर्षी पाऊस हुकेल, त्याच्या पुढच्या मे महिन्यात त्या दहा ग्रामपंचायतींना ती फोन करणार आहे. विहिरीत पाणी कोणत्या तारखेपर्यंत होतं, एवढंच विचारायला.